साल बरोबर, शतक चूक: इतिहासाच्या उत्तरात काळ कसा लिहावा

प्रश्न: मॅडम, मी नालासोपाऱ्याला राहते आणि मुंबईत इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी सालं पाठ असतात, पण शतक, दशक किंवा इ.स.पू. आलं की गुण जातात. शेरा एवढाच: ‘कालनिर्देश तपासा.’ इ.स.पू. शतकं उलटी कशी मोजायची, ऐंशीचं दशक आठवं की नववं, आणि इ.स.पू. लिहायचं की हल्लीचं बीसीई? सोपारा, अशोक, सातवाहन या भागात तर माझा हमखास गोंधळ होतो.

उत्तर:

आधी साध्या इसवी सनाचं बघू, कारण इ.स.पू.चा गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. आपण बोलताना ‘अठराशे सत्तावन’ म्हणतो. कानावर ‘अठरा’ पडतं आणि हात ‘अठरावे शतक’ लिहून मोकळा होतो. पण इसवी सनाचं पहिलं शतक म्हणजे वर्ष १ ते १००, दुसरं १०१ ते २००. याच हिशेबाने अठरावं शतक १७०१ ते १८०० आणि एकोणिसावं १८०१ ते १९००. १८५७ एकोणिसाव्यात. बोलीतला आकडा शतकाच्या क्रमांकापेक्षा एकने मागे असतो आणि तो मागेच राहणार.

सालावरून शतक काढायची एक रीत सांगते, ती इ.स. आणि इ.स.पू. दोन्हींना लागू पडते. सालाचे शेवटचे दोन आकडे झाका. झाकलेले आकडे ‘००’ असतील तर उरलेला आकडा हेच शतक. दुसरं काहीही असेल तर उरलेल्या आकड्यात एक मिळवा. १८५७ मधले ५७ झाकले, १८ उरले, अधिक एक, एकोणिसावं. १९०० मधले ००  झाकले, १९ उरले, म्हणजे एकोणिसावंच. आकडे दोनच असतील, उदाहरणार्थ इ.स. ७८, तर मागे काहीच उरत नाही. शून्य अधिक एक, पहिलं शतक.

‘००’ची सालं परीक्षेत फार येत नाहीत, पण आली की पकडतात. ईस्ट इंडिया कंपनीला राणी एलिझाबेथने सनद दिली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. म्हणजे कंपनी जन्मली सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या दिवशी, आणि तिचा सगळा कारभार सतराव्या शतकापासून पुढचा. ‘कंपनीची स्थापना सतराव्या शतकात झाली’ हे वाक्य एका दिवसाने चुकतं. दुसऱ्या टोकाचं उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचं. ते १६ जानेवारी १९०१ रोजी गेले, म्हणजे विसाव्या शतकाचे जेमतेम सोळा दिवस त्यांच्या वाट्याला आले. म्हणून त्यांना ‘एकोणिसाव्या शतकातील विचारवंत’ म्हणणं योग्यच आहे. मृत्यूचं शतक मात्र विसावं.

दशकांत घोळ आहे तो वेगळा. आपल्याकडे दशक सांगायच्या दोन पद्धती एकाच वेळी चालतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक पद्धत आकड्यावरून जाते: ‘१९८०चे दशक’ किंवा ‘ऐंशीचे दशक’, म्हणजे १९८० ते १९८९. दुसरी क्रमावरून जाते: ‘विसाव्या शतकाचे नववे दशक’, म्हणजे १९८१ ते १९९०. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर नववं. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. तो ऐंशीच्या दशकातला, आणि क्रमाने लिहायचं तर नवव्या दशकातला. ‘आठव्या दशकातला संप’ लिहिलंस तर परीक्षक १९७१ ते १९८० असं वाचणार. त्याचप्रमाणे गवालिया टँकवरचा ऑगस्ट १९४२चा ठराव चाळीसच्या दशकातला, म्हणजे पाचव्या दशकातला.

शून्याने संपणारी वर्षं इथे जास्त त्रास देतात, कारण त्या वर्षी दोन्ही पद्धती एका पावलाने सुटतात. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात गेले. ते साल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाचं शेवटचं वर्ष आहे आणि १९२०च्या दशकाचं पहिलं. दोन्ही विधानं खरी आहेत, पण ती एकाच उत्तरात आली तर वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबाबत हे नेहमी दिसतं. लढ्याचे तीव्र टप्पे १९५५ पासूनचे, आणि राज्य झालं १ मे १९६०ला. क्रमाने पाहिलं तर सगळंच सहाव्या दशकात बसतं. आकड्याने पाहिलं तर लढा पन्नासच्या दशकात आणि राज्यस्थापना साठच्या दशकाच्या पहिल्या वर्षात. पण ‘संयुक्त महाराष्ट्राची चळवळ साठच्या दशकात झाली’ असं लिहिणारी मुलं असतात, आणि ते दोन्ही पद्धतींनी चूक आहे. त्यांच्या मनात ‘सहावं’ असतं आणि कागदावर ‘साठचं’ उतरतं.

मी माझ्या विद्यार्थ्यांना सरळ सांगते की लेखी उत्तरात क्रमाचं दशक टाळा. ‘१९८०च्या दशकात’ लिहा, आणि वर्षं माहीत असतील तर तेही नको, ‘१९५५ ते १९६०’ असं लिहा. प्रश्नपत्रिकेतच ‘विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील कामगार चळवळ’ असं आलं असेल, तर पहिल्याच वाक्यात ‘१९२१ ते १९३०’ असा कंस टाकून मोकळं व्हा. आणि इ.स.पू. काळात दशक हा शब्द वापरूच नका. ‘इ.स.पू. २६०चे दशक’ म्हणजे २६९ ते २६० की २६० ते २५१, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आता इ.स.पू. रीत तीच, दोन आकडे झाकायची. २६८ मधले ६८ झाकले, दोन उरले, अधिक एक: इ.स.पू. तिसरं शतक. बदलते ती दिशा. इ.स.पू.चं वर्ष मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे सरकतं, त्यामुळे शतकही मोठ्या आकड्याने सुरू होतं. इ.स.पू. तिसरं शतक ३०० मध्ये सुरू होतं आणि २०१ मध्ये संपतं. इसवी सनात ३०० हे तिसऱ्या शतकाचं शेवटचं वर्ष, तर इ.स.पू.मध्ये तेच पहिलं. पूर्वार्ध आणि उत्तरार्धही याच दिशेने ठरतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ३०० ते २५१, उत्तरार्ध २५० ते २०१. २६८ हा आकडा २५० पेक्षा मोठा दिसतो म्हणून ‘उत्तरार्ध’ लिहिणं ही चूक मी सर्वांत जास्त वेळा खोडली असेल. मोठा आकडा म्हणजे आधीचा काळ, तेव्हा तो पूर्वार्ध.

तुझ्या गावावरचाच एक परिच्छेद घेऊ. सोपाऱ्यावर टीप लिहा म्हटलं की उत्तरपत्रिकांत साधारण असा मजकूर येतो:

> मौर्य काळात (इ.स.पू. १८५ ते ३२१) सोपारा हे महत्त्वाचे बंदर होते. अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ मध्ये, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी, इ.स.पू. २७८ मध्ये तो संबोधीला गेला, असे आठव्या शिलालेखात म्हटले आहे. पुढे सातवाहन काळात, पहिल्या ते तिसऱ्या शतकात, येथून रोमशी व्यापार चाले. सोपाऱ्याचा लेख १८ व्या शतकाच्या शेवटी, १८८२ साली सापडला आणि दुसरा तुकडा साठच्या दशकात, १९५६ मध्ये मिळाला.

यातलं जवळजवळ प्रत्येक साल पुस्तकातलं आहे. तरी परीक्षकाचं लाल पेन प्रत्येक वाक्यावर थांबेल.

पहिलं वाक्य. मौर्यांची सुरुवात सुमारे इ.स.पू. ३२१, शेवट सुमारे १८५. काळ लिहिताना आधी सुरुवात, मग शेवट. लहान आकडा आधी लिहायची सवय आपल्याला इसवी सनाने लावलेली असते आणि ती इथे उलटी पडते. ‘इ.स.पू. ३२१ ते १८५’ एवढं पुरेसं आहे. दोन्ही टोकं एकाच बाजूला असली की लेबल एकदाच दिलं तरी चालतं.

दुसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या आपण वर पाहिल्या: शतक तिसरं, आणि भाग पूर्वार्ध. तिसरी चूक लक्षात येत नाही. ‘दुसऱ्या शतकाच्या’ याच्या मागे इ.स.पू. नाहीच. वाक्याच्या सुरुवातीला सालाला लेबल लावलं म्हणून पुढच्या शतकाला ते आपोआप लागत नाही.

तिसऱ्या वाक्याजवळ थोडं थांबू. अशोक आपल्या लेखांत कुठलाही सन देत नाही, तो राज्याभिषेकापासून वर्षं मोजतो. आठव्या लेखात दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेल्याचं सांगतो. तेराव्यात आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकल्याचं. या मोजणीला इ.स.पू.ची सालं आपण जोडतो, आणि जोडताना वजाबाकी करायची असते. ‘दहा वर्षांनी’ म्हटलं की हात बेरजेकडे जातो आणि २७८ येतं, म्हणजे राजा गादीवर येण्याच्या दहा वर्षं आधीच यात्रेला निघाला! २६८ वजा १० म्हणजे २५८. इ.स.पू.मध्ये ‘नंतर’ म्हणजे वजा आणि ‘आधी’ म्हणजे अधिक. हे आकडे लिहून झाले की एकदा स्वतःला विचारायचं, नंतरच्या घटनेचा आकडा लहान आहे ना? एवढ्या तपासणीत बहुतेक चुका सापडतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कलिंग युद्धाचं साल पुस्तकांत इ.स.पू. २६१ असतं आणि राज्याभिषेकाचं कुठे २६९ तर कुठे २६८. २६८ मधून आठ वजा केले तर २६० येतं, २६१ नाही. मग चूक कोणाची? बहुधा कोणाचीच नाही. आठ वर्षं पूर्ण झाली असं धरलं तर २६०. आठवं वर्ष चालू होतं असं धरलं, म्हणजे २६८ हेच पहिलं वर्ष मोजलं, तर २६१. आणि राज्याभिषेक २६९ला धरला तर आठ पूर्ण वर्षांनीही २६१च येतं. म्हणून या सालांच्या मागे ‘सुमारे’ हवं. पण तू ‘राज्याभिषेक इ.स.पू. २६८, आठ वर्षांनी, इ.स.पू. २६१ मध्ये’ असं ठाम लिहिलंस, तर तुझंच वाक्य तुझ्याविरुद्ध साक्ष देतं. एक तर ‘आठव्या वर्षी’ लिही, नाही तर दोन्ही सालांमागे ‘सुमारे’ लाव. आणि एका उत्तरात एकाच पुस्तकाची सालं घे. राज्याभिषेक एका लेखकाचा आणि युद्ध दुसऱ्याचं असं करू नकोस.

चौथं वाक्य सगळ्यांत धोक्याचं. सातवाहनांचा काळ इ.स.पू. आणि इ.स. यांच्या सीमेवर पसरलेला आहे. त्यांची सुरुवात कुठे धरायची यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण इ.स.पू. पहिलं शतक ते इ.स. तिसरं शतक ही मांडणी सर्वत्र चालते. ती ‘पहिल्या ते तिसऱ्या शतकात’ अशी लिहिली की वाचणारा दोन्ही शतकं इसवी सनाची समजतो आणि एक अख्खं शतक गळून पडतं. सीमा ओलांडली की दोन्ही टोकांना लेबल लागलंच पाहिजे. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या पहिल्या काही शतकांत तर मी म्हणेन की दर वेळी लाव, जरा बोजड दिसलं तरी. १८५७ला इ.स. लावायची गरज नाही, तो कोणी इ.स.पू. समजणार नाही. पण नुसतं ‘१५० मध्ये रुद्रदामनाने जुनागढचा लेख कोरला’ हे अर्धवट आहे, ‘इ.स. १५०’ हवं.

सीमा ओलांडताना आणखी एक गोष्ट होते: वर्षं मोजताना एक वर्ष जास्त येतं. कारण इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. ही मोजणी इ.स. ५२५च्या सुमारास डायोनिसियस एक्झिग्यूस या साधूने रोममध्ये मांडली, आणि त्या काळी तिथे मोजणी एकापासून सुरू होई. तळमजला नसलेली इमारत समज: तळघराचा जिना चढलास की थेट पहिला मजला. सोपाऱ्याशी व्यापार करणाऱ्या रोमचाच सम्राट ऑगस्टस घे. त्याला ही पदवी मिळाली जानेवारी, इ.स.पू. २७ मध्ये, आणि तो वारला ऑगस्ट, इ.स. १४ मध्ये. २७ अधिक १४ केले तर ४१ येतात. पण एक वजा करायचा, म्हणजे ४०. जानेवारी ते जानेवारी बरोबर ४० वर्षं आणि वर सात महिने. ‘४१ वर्षे राज्य केले’ ही चूक लहान दिसते, पण ती थेट शून्य वर्षाच्या गैरसमजातून येते आणि जाणता परीक्षक ती ओळखतो. सीमेच्या एकाच बाजूला दोन्ही सालं असतील तर हा एक वजा करायचा नाही, फक्त साधी वजाबाकी. ३२१ ते १८५ म्हणजे १३६ वर्षं.

जालावर ग्रहणांचे तक्ते किंवा खगोलशास्त्राची पानं वाचत असशील तर सावध राहा. ते लोक शून्य वर्ष मानतात. त्यांचं ० म्हणजे आपलं इ.स.पू. १, आणि त्यांचं उणे २६० म्हणजे आपलं इ.स.पू. २६१. उणे चिन्ह काढून त्या जागी इ.स.पू. लिहिलं की एका वर्षाने घसरलीस.

पाचव्या वाक्यातल्या चुका तुला आता दिसत असतील. १८८२ एकोणिसाव्या शतकातलं, तेही शेवटच्या पावात. भगवानलाल इंद्रजींनी त्या साली सोपाऱ्याचा स्तूप उघडला आणि आठव्या लेखाचा तुकडाही तेव्हाच हाती लागला; तो तुकडा काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतो. नवव्या लेखाचा भाग १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. १९५६ म्हणजे पन्नासचं दशक.

सगळं जुळवून लिहिलं तर असं होतं:

> मौर्य काळात (सुमारे इ.स.पू. ३२१ ते १८५) सोपारा हे महत्त्वाचे बंदर होते. अशोकाचा राज्याभिषेक सुमारे इ.स.पू. २६८ मध्ये, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, सुमारे इ.स.पू. २५८ मध्ये, तो संबोधीला गेला असे आठव्या शिलालेखात म्हटले आहे. पुढे सातवाहन काळात (सुमारे इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. तिसरे शतक) येथून रोमशी व्यापार चाले, इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा भाग १९५६ मध्ये मिळाला.

शेवटच्या वाक्यातून मी शतक आणि दशक दोन्ही काढून टाकलं हे बघितलंस? साल नक्की माहीत असताना शतक सांगण्याने माहितीत काही भर पडत नाही, फक्त चुकायची आणखी एक जागा तयार होते. अशोकाच्या वाक्यात ते ठेवलं, कारण तिथे ‘तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध’ म्हटल्याने पुढच्या सातवाहनांशी अंतर कळतं.

लेबल कोणतं, हा तुझा शेवटचा मुद्दा. बीसीई आणि सीई ही धर्मनिरपेक्ष नावं आहेत, बी.सी. आणि ए.डी.च्या जागी ती आली, पण आकडा एकानेही बदलत नाही. २६१ बी.सी., २६१ बीसीई आणि इ.स.पू. २६१ हे एकच साल. मराठी उत्तरात इ.स.पू. आणि इ.स. लिही, शालेय पुस्तकांपासून संशोधनग्रंथांपर्यंत तेच रूढ आहे. जुन्या ग्रंथांत ‘ख्रि.पू.’ दिसेल, हिंदी पुस्तकांत ‘ई.पू.’; वाच, पण उत्तरात मिसळू नकोस. प्रश्नपत्रिकेत एखादं वेगळं लेबल छापलेलं असेल तर त्या उत्तरापुरतं तेच घे. मराठीत लेबल आकड्याच्या आधी येतं: ‘इ.स.पू. २६१’. इंग्रजी पुस्तकांवरून अभ्यास केला की ‘२६१ इ.स.पू.’ असं उलटं उतरतं. गुण जात नाहीत बहुधा, पण खटकतं. ‘सन १८८२ साली’ हेही तसंच. सन आणि साल यांपैकी एकच. आणि ‘१९ वे शतकात’ कधीही नको, ‘एकोणिसाव्या शतकात’ असं अक्षरी लिही म्हणजे विभक्ती चुकणार नाही.

प्रागैतिहासिक काळात ‘वर्षांपूर्वी’ आणि ‘इ.स.पू.’ यांची अदलाबदल होते, ती मात्र महागात पडते. हडप्पा संस्कृतीचा नागरी टप्पा सुमारे इ.स.पू. २६०० ते १९००. तोच आजपासून मोजला तर सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. ‘इ.स.पू. ४६००’ लिहिलंस तर हडप्पा दोन हजार वर्षांनी मागे ढकललीस.

राहिला शक. तो तू विचारला नाहीस, पण मराठ्यांच्या इतिहासावर लिहिताना आणि कोरीव लेखांत तो गाठ घालतोच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच फसतात. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, इसवी सनाचं १ जानेवारीला. त्यामुळे पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येतं, जे चूक आहे. फाल्गुन म्हणजे जानेवारी उलटून गेलेला, म्हणून ७९, म्हणजे १६३०. दिवस १९ फेब्रुवारी. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इथे ७८ बरोबर लागतात: ६ जून १६७४. पानिपत शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. पौष महिना १ जानेवारीच्या अलीकडे-पलीकडे पसरतो, म्हणून नुसत्या महिन्यावर विसंबता येत नाही, तिथीपर्यंत जावं लागतं. ही तिथी १४ जानेवारीला आली, म्हणून १७६१.

महिना माहीतच नसेल तर? कान्हेरीच्या लेण्यात शिलाहार राजा दुसरा कपर्दी याच्या काळातला शके ७९९चा लेख आहे. नुसतं ‘शके ७९९’ एवढंच हाती असेल तर इसवी सन ८७७ किंवा ८७८, दोन्ही शक्य. ते ‘इ.स. ८७७-७८’ असं लिहायचं. ही जोडी म्हणजे एकच शकवर्ष, दोन इसवी वर्षांत पडलेलं; दोन वर्षांचा कालावधी नव्हे. कालावधी दाखवायचा असेल तर आडव्या रेघेवर सोडू नकोस, ‘ते’ हा शब्द लिही: ‘इ.स.पू. ३२१ ते १८५’, ‘१९५५ ते १९६०’. एका उत्तरात रेघ जोडवर्षासाठी आणि ‘ते’ कालावधीसाठी राखून ठेवलंस की परीक्षकाला दोन्ही वेगळे वाचता येतात. उत्तरात शक आणि इसवी सन दोन्ही देणार असशील, तर मूळ लेखातला शक आधी आणि रूपांतर कंसात: शके ७९९ (इ.स. ८७७-७८).